पट्ट्यापट्ट्यांची भिंत पुसणार कोण?

मंडळी, आज जरा भांडायचा मूड आहे. आणि भांडायचंय ते एका भिंतीशी.

गेले काही महिने आमच्या गोतावळ्यात जो तो घर नवं करतोय आणि प्रत्येकाला हॉलमधली टीव्हीमागची भिंत उभ्या लाकडी पट्ट्यांची हवी आहे. कुणी त्याला फ्लूटेड पॅनल म्हणतं, कुणी लूव्हर, कुणी नुसतंच 'ते पट्ट्यांचं'. फोटोत दिसतं झकास, याबद्दल वाद नाही. बाजूने पिवळा उजेड सोडलेला, खाली एकच कुंडी, आणि घरात माणूस नावाचा प्राणी राहत असल्याची कुठलीही खूण नाही. माझा आक्षेप नेमका तिथेच आहे. हे काम ज्याला आवडतं तो ते निवडतो, आणि ज्याला पुसावं लागतं त्याला कुणी विचारत नाही.

परवा माझ्या मावसभावाने त्याच्या कोथरूडच्या फ्लॅटचं कोटेशन मला पाठवलं. "दादा, जरा नजर टाक" म्हणाला. इस्टिमेटं काढण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे नजर टाकली आणि मग मला लिहिल्याशिवाय राहवेना. (त्याची परवानगी घेतली आहे. मावशीचीही.)

भिंत १० फूट रुंद आणि ९ फूट उंच, म्हणजे ९० चौरस फूट. निवडलेलं पॅनल बाजारात सर्रास मिळतं ते. काळ्या फेल्टच्या चादरीवर एमडीएफच्या पट्ट्या चिकटवलेल्या आणि त्यांवर लाकडाचा पातळ पापुद्रा. एक पॅनल ६०० मिलिमीटर रुंद, २४०० उंच. भिंतीला अशी पाच लागतात आणि बोटभर पट्टी उरते, म्हणून सहावं घ्यावंच लागतं. एकाचे ४,८०० रुपये धरले तर सहांचे २८,८००. भावाच्या डोक्यात एवढाच आकडा होता, कारण दुकानात एवढाच सांगतात.

आता पुढचं वाचा. भिंत ओळंब्यात नाही, म्हणून सुतार मागे १२ मिलिमीटरचा प्लाय मारणार. त्याच्या तीन शीट, ८,६४० रुपये. मजुरी ७,२००. टीव्हीचे पॉइंट पुढे आणणं आणि एलईडीची पट्टी, ६,०००. कडेच्या पट्ट्या, स्क्रू, चिकटवण्याचं सामान, २,४००. बेरीज ५३,०४० रुपये. म्हणजे पॅनलच्या किमतीइतकाच जवळजवळ दुसरा खर्च पॅनलच्या मागे आणि आजूबाजूला लपलेला. हीच भिंत लांबी-पुट्टी करून चांगल्या धुता येणाऱ्या रंगाने रंगवायला चौरस फुटाला ३० रुपये धरले, तर २,७०० लागतात. दहा वर्षांत दोनदा रंगवली तरी ५,४००.

"पण रंग खराब होतो, पॅनलला काही करावं लागत नाही," हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. काही करावं लागत नाही? चला, मोजू या.

या पॅनलमधली पट्टी २७ मिलिमीटर रुंद असते, मधली खाच १३ मिलिमीटर रुंद आणि १२ मिलिमीटर खोल. म्हणजे दर ४० मिलिमीटरला एक खाच. दहा फुटांत साधारण ७६ खाचा. प्रत्येक २४०० मिलिमीटर उंच, म्हणजे सगळ्या मिळून १८२ मीटर. एका हॉलच्या एका भिंतीवर जवळजवळ सहाशे फूट लांबीची खाच! शिवाय सपाट भिंतीवर ४० मिलिमीटर पुसायचे तिथे इथे पट्टीचं तोंड, तिच्या दोन बाजू आणि खाचेचा तळ मिळून ६४ होतात. पैसे देऊन आपण पुसायची जागा दीडपटीहून जास्त वाढवून घेतली.

आणि १३ मिलिमीटर म्हणजे किती? साधारण करंगळीएवढं. फडकं गुंडाळलेलं बोट त्यात जात नाही. झटकणी फिरवली तर वरवरची धूळ उडते आणि उरलेली तळाच्या फेल्टमध्ये जाऊन बसते. फेल्ट पुसता येत नाही. त्यातली धूळ व्हॅक्यूम क्लीनरला मऊ ब्रश लावून ओढूनच काढावी लागते. ओलं फडकं तर अजिबात नको, कारण एमडीएफच्या उघड्या कडेला पाणी लागलं की ती फुगते आणि फुगलेली परत बसत नाही. खालची कापलेली टोकं फरशीला टेकवली असतील तर रोजच्या पोछ्याचं पाणी तीच आधी पितात. म्हणून पॅनल फरशीपासून अर्धा इंच वर ठेवून टोकं सील करायची असतात. कोटेशनमध्ये याचा उल्लेखसुद्धा नव्हता.

दुकानदार म्हणतो, उभ्या खाचांत धूळ बसतच नाही, खाली पडते. अर्धं खरं आहे, म्हणूनच फसवं आहे. कोरडी धूळ उभ्या पृष्ठभागावर आडव्यापेक्षा खूपच कमी बसते, हे मान्य. पण आपल्या घरात हवा कोरडी कुठे असते? भावाचं स्वयंपाकघर हॉललाच उघडं आहे. दिवसातून दोनदा फोडणी, सकाळ-संध्याकाळ उदबत्ती. तेलाची वाफ आणि धूर यांचा पातळ चिकट थर सगळीकडेच बसतो. सपाट भिंतीवरून तो साबणाच्या फडक्याने निघतो, खाचेतून निघत नाही. त्यावर धूळ चिकटली की ती खाली पडायचं नाव घेत नाही. कोळ्यांना तर अशी खाच म्हणजे दोन्ही बाजूंनी भिंत असलेलं आयतं घर.

वर आणखी एक गंमत. पॅनल २४०० मिलिमीटरचं, म्हणजे पावणेआठ फुटांच्या थोडं वर. भिंत नऊ फूट. उरलेला फूटभर भाग रंगवलेलाच ठेवायचा, असं ठरलंय. म्हणजे पॅनल आणि प्लाय मिळून सव्वा इंच रुंद, दहा फूट लांब, डोक्याच्या वर एक कायमचा धुळीचा कट्टा! पंखा फिरला की तिथली धूळ खाली हॉलमध्ये. शिवाय बाजूने सोडलेला उजेड भिंतीला घासून जातो, त्यात प्रत्येक कण उठून दिसतो. म्हणजे धूळ आपणच साठवायची आणि आपणच तिच्यावर दिवा लावायचा :)

आता वेळेचा हिशोब. एका खाचेला अर्धा मिनिट धरा, तेही घाईघाईने. ७६ खाचांना ३८ मिनिटं, शिडीवर चढउतार वेगळी. पंधरा दिवसांतून एकदा केलं तर वर्षाला सोळा तासांहून जास्त. साधी भिंत जळमटाच्या झाडूने पाच मिनिटांत होते. हे सोळा तास कोणाचे? भाऊ सकाळी आठला जातो, रात्री आठला येतो. कामाच्या बाईंचं ठरलंय ते केर, फरशी आणि भांडी. भिंत त्यात नाही, आणि त्यांनी का करावी? राहिली मावशी. वय सत्तरीच्या घरात, धूळ उडाली की तासभर शिंका. कोटेशनवर तिचं मत कुणी विचारलं नव्हतं. मी फोन केला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "अरे, त्याला हौस आहे रे, मी काय बोलू?"

हे 'मी काय बोलू' ऐकून मला राग येतो. हौस एकाची आणि शिडी दुसऱ्याची, असं आपल्या घरांत किती सहज चालतं!

पॅनलच्या बाजूने बोलायचं तर एक गोष्ट खरी आहे. फेल्टवालं पॅनल हॉलमधला घुमणारा आवाज थोडा शोषतं. पण ते काम फेल्ट करतं, पट्ट्या नव्हे. नुसत्या प्लास्टिकच्या किंवा चारकोल म्हणून विकल्या जाणाऱ्या खाचदार पॅनलने आवाज शोषला जात नाही, दुकानदार काहीही सांगो. आणि जाड पडदे, गालिचा, कापडी सोफा हेही आवाज शोषतात. शिवाय पडदे काढून धुता येतात.

दुसरं समर्थन असतं की पॅनलमागे भिंतीच्या भेगा आणि डाग झाकले जातात. हे तर मला भीतीदायक वाटतं. भावाच्या त्या भिंतीमागे बेडरूमचं बाथरूम आहे. उद्या पाइप झिरपला तर रंगाला फोड येतात, पांढरी पावडर सुटते, आपल्याला कळतं. पॅनल आणि प्लाय मारल्यावर काहीच दिसणार नाही. कुबट वास येईल तोवर मागे बुरशी धरलेली असेल, किंवा प्लायला वाळवी. म्हणून काहीही लावण्याआधी एक सोपी परीक्षा करा. फूटभर चौकोनी प्लास्टिक भिंतीवर चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला दव जमलं तर ओल भिंतीतून येते आहे. मग पॅनलचा विषयच बंद, आधी प्लंबर. आणि ही परीक्षा जमल्यास पावसाळ्यात करा. एप्रिलमध्ये पुण्यातली भिंत कोरडी निघाली यात विशेष काही नाही.

मग लावूच नये का? हौस असेलच तर माझ्या अटी अशा. अख्खी भिंत नको, टीव्हीच्या एका बाजूला दोन फुटांचा एकच पट्टा. त्याला एकच पॅनल लागतं आणि पंधराच खाचा होतात. म्हणजे साडेसात मिनिटांचं काम. स्वयंपाकघरापासून लांबची, बाथरूमला न लागलेली भिंत. फेल्टचं नको, खाच रुंद आणि उथळ असलेलं, ओलं फडकं चालेल असं पॅनल. आणि वर छतापर्यंत नेलेलं, म्हणजे कट्टा राहत नाही.

आणि शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. ऑर्डर देण्याआधी दुकानातून पॅनलचा एक तुकडा आणा, महिनाभर हॉलमध्ये उभा ठेवा, आणि मग तो स्वतः पुसा. आईने नाही, बायकोने नाही, कामाच्या बाईंनी नाही. ज्याला हौस आहे त्याने.

भावाला हे सगळं कळवलंय. तो तुकडा आणतो म्हणाला आहे. मावशीने मात्र काही न बोलता मला नारळाच्या वड्या पाठवल्यात. अर्थ ज्याचा त्याने लावावा.

तुमच्याकडे असं पॅनल असेल आणि माझा हिशोब चुकत असेल तर जरूर सांगा. फक्त एक विनंती, उत्तर घरात जो पुसतो त्याने लिहावं.