बेल वाजवली, म्हणजे कळवलं असं होत नाही

कोंढव्यात आमचा एक वन बीएचके फ्लॅट आहे. अब्बांनी निवृत्तीच्या पैशांतून घेतलेला, आणि सध्या दोन नर्स मुलींना भाड्याने दिलेला. एक लातूरची, एक संगमनेरची. भाडं वेळेवर येतं, सोसायटीची तक्रार नाही. मागच्या पावसाळ्यात खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी अब्बांना फोन केला की त्यांच्या बाथरूमच्या छतावर ओल धरली आहे आणि थेंब पडताहेत. दोन दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमारास, अब्बा आपली जादा चावी घेऊन गेले. बेल वाजवली, मिनिटभर थांबले आणि कुलूप उघडून आत शिरले. लातूरची मुलगी नाइट ड्युटी करून आतल्या खोलीत झोपली होती. ती घाबरून बाहेर आली तेव्हा अब्बा बाथरूममध्ये मोबाइलवर फोटो काढत होते. फोटोत भिंतीवरच्या ओलीसोबत दोरीवर वाळत घातलेले कपडेही आले होते.

अब्बांच्या मनात काही वाईट नव्हतं हे मला माहीत आहे. त्या मुलीलाही बहुधा माहीत होतं. संध्याकाळी तिने मला मेसेज केला: "दादा, घर काकांचंच आहे, पण मला आता आतून कडी लावल्याशिवाय झोप लागणार नाही." मी तो अब्बांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "माझ्याच घरात जायला मी कुणाची परवानगी घेऊ?"

हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी भाडेकरू म्हणून ऐकलेलं आहे. नाव ऐकून तीन ठिकाणी नकार मिळाल्यावर चौथ्या ठिकाणी घर मिळालं की आपण घरमालकाच्या अवेळी फेऱ्या मुकाट्याने सोसतो. फ्रिज उघडून बघणारे, 'काल कोण आलं होतं' असं विचारणारे मालक आपल्याला पाठ आहेत. या वेळी मात्र मालक आमच्या घरातला होता, म्हणून अग्रलेखात हे लिहितो आहे.

अब्बांच्या प्रश्नाचं उत्तर कायद्यात आहे, आणि ते एकतर्फी नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम २८ नुसार घरमालकाला भाड्याने किंवा लायसन्सवर दिलेल्या जागेची पाहणी करण्याचा हक्क आहे. पण त्याला दोन अटी आहेत: पाहणी वाजवी वेळी करायची आणि आधी सूचना देऊन करायची. आपल्याकडे अकरा महिन्यांचा जो लिव्ह अँड लायसन्स करार होतो, त्याच्या नेहमीच्या मसुद्यातही हेच कलम असतं. मालकाने वाजवी सूचना द्यावी आणि वाजवी अंतराने स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत जागा पाहावी. अब्बांनी या करारावर अंगठा उमटवला होता, वाचला मात्र नव्हता. एजंटने ठेवलेल्या कागदावरचं कलम कोण वाचतं?

अडचण 'वाजवी' या शब्दात आहे. किती तास म्हणजे वाजवी, हे ना त्या कलमात आहे, ना छापील करारात. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात घरात येण्यापूर्वी किमान २४ तास आधी लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक सूचना द्यावी, असं म्हटलं आहे. तो राज्यांसाठी नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो बंधनकारक होत नाही, पण मापदंड म्हणून उपयोगी आहे. माझं मत असं की, नुसतं पाहून यायचं असेल तर २४ तास ही तळाची मर्यादा धरावी आणि शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांना ४८ तास द्यावेत. त्यांचा दिवस आपल्या दिवसाच्या उलटा चालतो, एकाच दिवसाची सूचना त्यांच्या झोपेतच संपते.

मी अब्बांना म्हटलं, जे झालं त्याबद्दल आधी माफी मागू, फोटो त्या मुलीसमोर डिलीट करू आणि पाहणी नव्याने, रीतसर करू. फोटो डिलीट करायला ते लगेच तयार झाले. माफीला एक दिवस लागला. मग मी हा मसुदा लिहिला आणि करारात ज्यांची नावं आहेत त्या दोघींना वेगवेगळा पाठवला. एकीला सांगितलं म्हणजे दुसरीला कळलं, असं धरायचं नाही.

"सप्रेम नमस्कार. खालच्या मजल्यावरील बाथरूमच्या छतातून पाणी ठिबकत असल्याची तक्रार आहे. त्याचं कारण शोधण्यासाठी शनिवारी सकाळी १० ते १०.३० या वेळेत मी आणि एक प्लंबर घरी येऊ इच्छितो. आम्ही फक्त बाथरूम, नहाणीचा ट्रॅप आणि त्यालगतची पॅसेजमधली भिंत पाहू. आतली खोली, कपाटं आणि स्वयंपाकघर यांत जाणार नाही. ओलीचे फोटो लागतील. ते काढण्यापूर्वी विचारू आणि निघताना दाखवू. आपल्यापैकी एकीने घरी असावं अशी विनंती. ही वेळ सोयीची नसेल तर पुढच्या पाच दिवसांतील आपल्याला चालणाऱ्या दोन वेळा कळवाव्यात. आपलं उत्तर आल्याशिवाय आम्ही येणार नाही."

यातला प्रत्येक तपशील कशासाठी आहे, ते सांगतो. 'शनिवारी केव्हातरी येतो' ही सूचना नाही, त्यामुळे समोरचा माणूस दिवसभर घरात अडकतो. म्हणून अर्ध्या तासाची खिडकी दिली. सोबत कोण येणार हे लिहिलं, कारण मालकाला ओळखणाऱ्या मुलीला अनोळखी प्लंबर दारात दिसला तर तिला ते आधी माहीत असायला हवं. कुठे जाणार आणि कुठे जाणार नाही, हे लिहिलं की आतली आवराआवर किती करायची ते त्यांना कळतं. शेवटचं वाक्य अब्बांना सगळ्यात जास्त खटकलं. "उत्तरच दिलं नाही तर?" त्यांचा मुद्दा बरोबर होता. पाहणीचा हक्क मालकाला आहे, भाडेकरू ती कायमची टाळू शकत नाही. उत्तर आलं नाही तर दुसरी तारीख देऊन पुन्हा लेखी कळवायचं, त्यानंतरही अडवणूक झाली तर करारातल्या कलमाचा आधार घेऊन रीतसर नोटीस पाठवायची. पण ब्ल्यू टिक दिसली म्हणजे होकार मिळाला, असं समजून चावी फिरवायची नाही.

शनिवारी दोघींनाही ड्युटी होती. त्यांनी सोमवारी दुपारी चार किंवा मंगळवारी सकाळी अकरा असं सुचवलं. आम्ही सोमवारी गेलो. संगमनेरच्या मुलीने दार उघडलं, बाथरूममधली दोरी रिकामी होती. पंचवीस मिनिटांत पाहणी आटोपली, पण प्लंबरने एक नवी गोष्ट सांगितली: नुसतं पाहून गळती कळणार नाही, पाणी भरून ठेवावं लागेल.

इथे पहिली सूचना अपुरी पडली. ही चाचणी अशी असते: नहाणीचं तोंड घट्ट बंद करायचं, फरशीवर दोनेक इंच पाणी भरायचं आणि ते २४ तास तसंच ठेवून खालचं छत पाहत राहायचं. म्हणजे दिवसभर बाथरूम वापरता येत नाही. अर्ध्या तासाच्या भेटीसाठी दिलेल्या होकारात हे बसत नाही. 'आलोच आहोत तर भरूनच टाकू' असं प्लंबर म्हणाला, पण मी नको म्हटलं. त्यासाठी वेगळी सूचना दिली, पाच दिवस आधी, आणि त्यात पर्यायही लिहिला. आम्ही शेजारच्याच इमारतीत राहतो, तेव्हा त्या दिवशी अंघोळ आमच्याकडे. अम्मीने त्यात नाश्ता परस्पर जोडला.

चाचणीत असं दिसलं: नहाणी बंद असताना २४ तासांत खाली एकही नवा थेंब पडला नाही. बूच काढून पाणी सोडल्यावर अर्ध्या तासात छत ठिबकू लागलं. म्हणजे फरशीचे सांधे ठीक होते, दोष नहाणीच्या ट्रॅपच्या जोडात होता. अब्बांनी पहिल्या दिवशी काढलेल्या फोटोंतून हे कधीच कळलं नसतं. त्या पाच मिनिटांच्या घुसखोरीतून हाती काहीच लागलं नव्हतं.

'मग पाइप फुटला तरी दोन दिवस थांबायचं का?' असं कुणी विचारेल. नाही. पाणी जिन्यावरून वाहत असेल, गॅसचा वास येत असेल, धूर दिसत असेल तर आधी फोन, मग दार ठोठावणं आणि उत्तर नसेल तर शेजाऱ्याला किंवा वॉचमनला सोबत घेऊन आत जाणं योग्यच आहे. लगेच नंतर लेखी कळवायचं: कोण गेलं, किती वाजता, काय केलं. दोन दिवसांपूर्वी फोनवर कळलेली ओल या यादीत येत नाही. गिऱ्हाइकाला फ्लॅट दाखवणं येत नाही. घरात पाहुणा आला आहे का हे बघणं तर पाहणीतच मोडत नाही.

भाडेकरू असलेल्या वाचकांना एक सुचवतो. पुढच्या करारावर अंगठा उमटवण्यापूर्वी पाहणीचं कलम शोधा आणि 'वाजवी सूचना' याच्या पुढे 'किमान ४८ तास आधी, लेखी किंवा मेसेजने, आपत्काल वगळता' एवढे शब्द घालून मागा. मसुदा नोंदणीला जाण्याआधी हे घालणं सोपं असतं. घर हातचं जाईल या भीतीने हे मागणं जड जातं, हे मला ठाऊक आहे. तरी सहसा याला मालकापेक्षा एजंटच जास्त कंटाळा करतो. आणि मालक न सांगता येऊन गेलाच, तर त्याच दिवशी तारीख-वेळ लिहून त्याला साध्या भाषेत मेसेज करा, त्या मुलीने केला तसा. भांडणाची भाषा लागत नाही, नोंद राहते.

ट्रॅप बदलण्यासाठी तिसरी सूचना गेली. त्यात चार दिवसांचं काम, रोज दहा ते पाच, दोन कामगार, आणि तेवढ्या दिवसांचं भाडं माफ, असं लिहिलं. ती अब्बांनी स्वतः लिहिली, उर्दूत, आणि मी मराठी केली. जादा चावी आता एका बंद पाकिटात आहे. पाकिटाच्या झाकणावर दोघी मुलींच्या आणि अब्बांच्या सह्या आहेत, खाली तारीख आहे. ते अम्मीच्या कपाटात ठेवलं आहे, कारण अब्बांच्या कपाटात नको, असं लातूरच्या मुलीने हसत सांगितलं होतं.