दुखणं पाळीबरोबर जातं का?

पाळीच्या आधी स्तन जड होतात, ठणकतात, ब्लाऊज घालतानाही कळ येते. हे दुखणं फार जणींना असतं आणि त्यामागचं कारण साधं आहे. बीज सुटल्यानंतरच्या दोन आठवड्यांत संप्रेरकांमुळे स्तनातल्या ग्रंथी फुगतात, त्यांच्याभोवती पाणी साचतं आणि पेशीजाल ताणलं जातं. म्हणूनच ते बहुधा दोन्ही बाजूंना असतं, वरच्या बाहेरच्या भागात जास्त असतं आणि काखेकडे पसरतं. हाताला बारीक बारीक दाणेही लागतात. पाळी सुरू झाली की एक-दोन दिवसांत ते उतरू लागतं. बायका विचारतात ते 'किती दुखतं?', पण त्याहून कामाचा प्रश्न 'केव्हा दुखतं आणि केव्हा थांबतं?' हा आहे. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. त्यामुळे दुखण्याने घाबरणारी बाई बहुधा सुरक्षित असते, आणि दुखत नाही म्हणून गाठ लपवणारी बाई धोक्यात असते.

एक उदाहरण घेऊ. समजा, बत्तीस वर्षांच्या बाईची पाळी २८ दिवसांची आहे. तिने कॅलेंडरवर रोज दुखण्याला शून्य ते तीन असा आकडा दिला. सोळाव्या दिवसापासून एक, बाविसाव्यापासून दोन-तीन आणि पाळीच्या तिसऱ्या दिवशी पुन्हा शून्य. दोन महिने हाच चढउतार दिसला तर निदान जवळजवळ कागदावरच झालं. आता समजा, त्याच बाईला पाळीच्या आठव्या दिवशी डाव्या स्तनात हरभऱ्याएवढी, कडेने स्पष्ट जाणवणारी गाठ लागली. बाकीचे दाणे विरले, ही मात्र तशीच आहे आणि उजव्या बाजूला त्याच जागी तसं काहीच नाही. पुढच्या पाळीनंतरही ती तिथेच असेल तर कॅलेंडरचं काम संपलं, ती डॉक्टरांनी हाताने तपासायला हवी. कातडीला खळगा पडणं, स्तनाग्र नव्याने आत ओढलं जाणं, त्यातून रक्त येणं किंवा काखेत गाठ लागणं, यांपैकी काही असेल तर पुढच्या पाळीचीही वाट बघू नये. सगळ्यात मोठी चूक होते ती 'माझं नेहमीचंच आहे' म्हणण्यात. नेहमीचं दुखणं असलेल्या बाईला वेगळी गाठही होऊ शकते, आणि जुनं दुखणं तिला झाकून टाकतं.

यावर आक्षेप येतो की बायकांना स्वतः चाचपायला शिकवून काय साधतं? आक्षेप निराधार नाही. शांघायच्या कापड गिरण्यांमधल्या सुमारे २,६६,००० बायकांवर झालेल्या चाचणीत स्वतपासणी शिकवलेल्या गटात मृत्यू कमी झाले नाहीत, उलट निरुपद्रवी गाठींचे तुकडे काढून तपासणं वाढलं. पण त्याचा अर्थ लागलेल्या गाठीकडे दुर्लक्ष करावं असा होत नाही. मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ मध्ये सुरू केलेला प्रयोग इथे जास्त बोलका आहे. झोपडपट्ट्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांवर बायका त्यात होत्या. एका गटाची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातांनी केली. २०२१ च्या निष्कर्षांत या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडलेले कर्करोग ३७ टक्के, तर दुसऱ्या गटात ४७ टक्के होते. पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. त्याहून तरुण बायकांत मृत्यूंमध्ये असा फायदा दिसला नाही, हेही सांगितलं पाहिजे. म्हणूनच माझा आग्रह रोज चाचपण्याचा नाही. पाळी सुरू झाल्यापासून पाचव्या ते दहाव्या दिवसांत, स्तन मऊ असताना, आपले स्तन एरवी कसे असतात हे माहीत असावं, इतकाच आहे. पाळीच्या आधी चाचपलं तर प्रत्येक दाणा गाठ वाटतो.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो: घरीच ठरवण्यापेक्षा प्रत्येक दुखण्याला थेट सोनोग्राफी का नको? कारण नुसतं चक्रीय दुखणं आणि तपासणीत काहीच न लागणं अशा वेळी सोनोग्राफीत सहसा काही हाती लागत नाही, आणि सापडलेल्या किरकोळ पाण्याच्या गाठीची काळजी महिनोन्‌महिने पुरते. ज्यांची पाळी अनियमित आहे त्यांना कॅलेंडरचा उपयोग कमी, आणि पाळी थांबलेल्या बाईला तर मुळीच नाही. तिची कोणतीही नवी गाठ लगेच दाखवायची.

गाठ दाखवायची ठरली तरी पाऊल अडतं. उदाहरणार्थ, उज्जैनच्या माधव नगरातल्या बाईला सरकारी रुग्णालय घराजवळ आहे. अडचण अंतराची कमी आणि पुरुष डॉक्टरांपुढे बोलण्याची जास्त असते. तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंची वेळ विचारून जावं आणि तीन गोष्टी लिहून न्याव्यात: गाठ कोणत्या बाजूला, पाळीच्या कितव्या दिवशी लागली, आणि पाळीनंतर बदलली का. डॉक्टर हाताने तपासतील. तरुण बाईला सोनोग्राफी, चाळिशीपुढे बहुधा मॅमोग्राफीही, आणि शंका उरली तर सुईने छोटा तुकडा काढून तपासणी. तरुणपणी सापडणाऱ्या बऱ्याच गाठी बोटाखाली सरकणाऱ्या, रबरासारख्या आणि निरुपद्रवी असतात, पण हे ठरवायचं काम सासूबाईंचं किंवा शेजारणीचं नाही.