‘किंडल घे’ म्हणणाऱ्यांनी आधी देवरूखची एसटी पकडावी

आमच्या आयटीवाल्यांची एक वाईट खोड आहे. प्रश्न पूर्ण ऐकायच्या आधी उत्तर तयार. कुणी म्हणालं, “मला वाचायला खूप आवडतं, पण सगळा वेळ प्रवासात जातो”, की लगेच कोरस सुरू : “किंडल घे!” कुठला प्रवास, किती वेळ, बसायला जागा मिळते का, वाचायचं कुठल्या भाषेत, काही म्हणून विचारायचं नाही. पुण्यात कंपनीच्या एसी बसमध्ये बसून दिलेला सल्ला अख्ख्या महाराष्ट्राला लागू पडतो अशी आपली ठाम समजूत.

या वेळी सल्ला मिळणारी व्यक्ती माझी मावशी आहे, म्हणून जरा तिरमिरीत लिहितोय. मावशी देवरूखला राहते आणि नोकरीला रोज रत्नागिरीला जाते, एसटीनं. देवरूखहून संगमेश्वर, तिथून महामार्गानं बावनदी, निवळी, हातखंबा आणि मग रत्नागिरी. तिच्या हिशेबानं जायला दीड तास, यायला दीड तास, तेही गाडी वेळेवर असेल तर. वाचनाचं वेड असं की गावातल्या वाचनालयात तिला ‘न वाचलेलं काही आहे का’ हे विचारायची सोय उरलेली नाही. तिच्या भाच्यांनी, म्हणजे माझ्या मावसभावंडांनी, वर्गणी काढून ई-रीडर द्यायचं ठरवलं. २०२५ मध्ये भारतात आलेल्या सात इंची पेपरव्हाइटची किंमत तेव्हा १६,९९९ रुपये होती. रक्कम काही किरकोळ नाही.

मी म्हटलं, थांबा. आधी मावशीला विचारा ती बसमध्ये वाचते का. उत्तर आलं, “अरे, त्या वळणांवर मला समोरची ‘महिलांसाठी राखीव’ ही पाटीसुद्धा वाचवत नाही. मळमळतं.”

झालं! इथेच निम्मा निकाल लागला. गाडी लागते त्याचं कारण साधं आहे. कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते की शरीर हलतंय, वळतंय. आणि पानावर खिळलेले डोळे सांगतात की सगळं स्थिर आहे. या दोघांचं भांडण मेंदूला सोसत नाही. ई-इंकचा पडदा उन्हात छान दिसतो, डोळ्यांवर चमकत नाही, बॅटरी कित्येक दिवस पुरते, हे सगळं खरं. पण हे भांडण तो मिटवू शकत नाही, कारण त्याच्या लेखी तो कागदच आहे. कागदावर मळमळत असेल तर सतरा हजारांच्या कागदावरही मळमळणार. तेव्हा पहिली चाचणी फुकटातली : रोजच्या गाडीत रोजच्या जागेवर साधं पुस्तक वीस मिनिटं वाचून बघा. जमलं तर पुढे बोलू. नाही जमलं तर प्रवासातला वेळ हा कानांचा वेळ आहे, डोळ्यांचा नाही. रेल्वेत, सरळ रुळावर, याचं उत्तर वेगळं येऊ शकतं. म्हणूनच म्हणतो, उपकरण निवडायच्या आधी सीट बघा.

“मग काय, ऑडिओबुकची योजना घेऊन टाक,” हा दुसरा झटपट सल्ला. यातही गोम आहे, आणि ती कळायला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही, पाढे पुरतात.

मावशीचे रोजचे ३ तास, महिन्याचे कामाचे दिवस २२. म्हणजे महिन्याला ६६ तास. आता २५० पानांची मराठी कादंबरी घ्या. पानाला साधारण २५० शब्द धरले तर साडेबासष्ट हजार शब्द होतात. सावकाश, स्पष्ट वाचणारा माणूस मिनिटाला १२० शब्द वाचतो असं धरा. म्हणजे एक कादंबरी पावणेनऊ तासांत संपते. ६६ तासांत अशा साडेसात कादंबऱ्या! थोडा वेग वाढवून ऐकायची सवय लागली तर नऊ.

आता योजनांचे दोन प्रकार बघा. ऑडिबलची रीत क्रेडिटची आहे : महिन्याला एक क्रेडिट, एका क्रेडिटला एक पुस्तक, आणि सदस्यत्व सोडलं तरी ते पुस्तक तुमच्या खात्यात राहतं. आठवड्याला दोन-तीन तास ऐकणाऱ्याला हे उत्तम. मावशीचं क्रेडिट मात्र सोमवारी सकाळी सुरू होऊन बुधवारी संध्याकाळी संपलेलं असेल. उरलेले एकोणीस दिवस खिडकीबाहेर बघा. दुसरी रीत स्टोरीटेलसारखी : दरमहा पैसे भरा आणि यादीतलं हवं ते ऐका, पैसे थांबवले की सगळं बंद. ही कंपनी २०१७ मध्ये भारतात आली आणि तिनं मराठीत बरंच ध्वनिमुद्रण करून घेतलं. भरपूर ऐकणाऱ्याला दुसरी रीतच परवडते, यात वाद नाही. घेताना एवढंच नीट वाचा की योजनेला तासांची मर्यादा आहे का. ‘रोज अर्धा तास’ ऐकणाऱ्यासाठी बेतलेली मर्यादा मावशी आठवड्याभरात ओलांडेल.

पण वार्षिक वर्गणी? अजिबात नको. माझा खरा वाद इथेच आहे.

‘अमर्यादित’ हा शब्द दुकानाच्या बाजूनं खरा असतो, वाचकाच्या बाजूनं नाही. इंग्रजी ऐकणाऱ्याला आयुष्य पुरणार नाही इतका साठा असतो. मराठीचा साठा वाढतोय, पण त्यातला तुमच्या आवडीचा भाग किती? हे कळायचा एकच मार्ग आहे. पैसे भरायच्या आधी कागदावर वीस पुस्तकांची नावं लिहा. ‘चांगली मराठी पुस्तकं’ नव्हेत, तुम्हाला खरोखर पुढे वाचायची आहेत ती वीस. मग एकेक नाव ॲपमध्ये शोधा. समजा वीसपैकी सहा सापडली. सहा गुणिले पावणेनऊ, म्हणजे साडेबावन्न तास. मावशी ती अठराव्या दिवशी संपवेल! सवलतीत घेतलेल्या वर्षातले उरलेले अकरा महिने तिनं काय ऐकायचं? जे आहे ते. म्हणजे यादी वाचकाची राहत नाही, दुकानाची होते. चाळीस वर्षं स्वतःच्या चवीनं वाचलेल्या बाईला हे सुचवायची मला तरी लाज वाटते.

म्हणून योजना महिन्या-महिन्यानं घ्यायची. एक महिना घ्या, यादी फस्त करा, बंद करा. तीन-चार महिन्यांनी नवीन वीस नावं घेऊन पुन्हा डोकवा. एका महिन्याचे पैसे जरा जास्त पडतात, पण न ऐकलेल्या महिन्यांचे वाचतात. आणि आपोआप पैसे कापणारी परवानगी त्याच दिवशी रद्द करा, नाहीतर ‘उद्या करू’ म्हणता म्हणता वर्ष जातं.

दोन व्यावहारिक गोष्टी. घाटात रेंजच्या भरवशावर राहू नका, पुस्तक घरच्या वायफायवर उतरवून घ्या. ६४ केबीपीएसचं ध्वनिमुद्रण तासाला सुमारे २९ एमबी घेतं, म्हणजे ६६ तासांचा महिना दोन जीबीच्या आत बसतो. साध्या फोनलाही जड नाही. दुसरं, पुस्तकाचा नमुना घरी नव्हे, बसमध्ये ऐका. लाल गाडीच्या घरघरीत काही वाचकांचा खर्जातला आवाज आणि मागचं संगीत यांचा नुसता काला होतो, आणि मग माणूस आवाज वाढवत नेतो. कानात घट्ट बसणारे रबरी टोकांचे साधे इअरफोन बाहेरचा गोंगाट अडवतात, त्यामुळे कमी आवाजात भागतं. रोज तीन तास ऐकणाऱ्याच्या कानांसाठी हे महत्त्वाचं आहे.

आता कुणी म्हणेल, ऐकणं म्हणजे काही वाचणं नव्हे. अर्धवट मान्य. कविता, तळटीपांचं चरित्र, चार पानं मागे जाऊन ताडून बघावं लागतं असं वैचारिक पुस्तक, हे कानानं धड होत नाही. ते रात्री घरी. आणि ई-रीडरची खरी जागा तिथेच आहे, जेवणं उरकल्यावर. पण मग हिशेब घरच्या एका तासाचा मांडा, प्रवासाच्या तीन तासांचा नको. त्या एका तासाला तर गावातलं वाचनालय आहेच.

तरीही घ्यायचाच असेल तर वीस नावांची तीच यादी ई-पुस्तकांच्या दुकानांतही लावा. अमेझॉननं २०१६ च्या डिसेंबरात किंडलवर मराठी पुस्तकं आणली, पण किंडल अनलिमिटेडमधली यादी आणि विकत मिळणारी यादी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बुकगंगाची ई-पुस्तकं त्यांच्याच ॲपमध्ये उघडतात, किंडलवर नाही. “माझ्याकडे पीडीएफचा ढीग आहे” म्हणणाऱ्यांनी तर फारच सावध राहावं. सहा इंची पडद्याची रुंदी सुमारे ९१ मिलिमीटर, ए-फोर पानाची २१०. म्हणजे पान निम्म्याहून लहान होतं आणि बारा पॉइंटचं अक्षर पाच पॉइंटवर येतं. मग अनुस्वार कुठला आणि धुळीचा कण कुठला? अक्षर मोठं करायला पीडीएफचं रूपांतर करावं म्हटलं, तर जुनी मराठी पुस्तकं बहुधा युनिकोडपूर्व फॉन्टांत जुळवलेली असतात. ओळखायची खूण सोपी : एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. रोमन अक्षरं आणि चिन्हांचा कचरा आला तर रूपांतरातही कचराच येणार. त्यापेक्षा मराठी विकिस्रोतावर लेखनहक्क संपलेली पुस्तकं ईपबमध्ये मिळतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, साठ वर्षांची मुदत संपून त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून मुक्त झालं. हे ईपब फोनवरही उघडतं, अक्षर हवं तेवढं मोठं होतं. फुकट!

तर मावसभावंडांनो, सतरा हजार सध्या खिशात ठेवा. मावशीला बरे इअरफोन आणि एका महिन्याची योजना द्या, आणि वीस नावं तिची तिला लिहू द्या. तुम्ही सुचवू नका, ती तुमच्यापेक्षा जास्त वाचते.