हप्ता नोकरीसाठी थांबत नाही

परदेशी शिक्षणाच्या कर्जाच्या जाहिरातींचा साचा ठरलेला असतो. पडद्यावर लंडन, बाबांच्या कपाळावर आठ्या आणि मागून आश्वासक आवाज: ‘तारण नको, हप्ते नोकरी लागल्यावर!’ कर्ज काढून शिकण्याला माझा विरोध नाही. मध्यमवर्गीय मुलामुलींना तोच रस्ता आहे. पण ही दोन्ही आश्वासनं अर्धवट आहेत.

हप्ता नोकरीला नव्हे, तारखेला बांधलेला असतो. अभ्यासक्रम संपल्यावर साधारणपणे ६ महिन्यांनी किंवा वर्षाने तो सुरू होतो, नोकरी असो वा नसो. व्याज मात्र पैसे उचलल्या दिवसापासून चढतं. समजा, एका मुलीने ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२६ मध्ये सुरू होणाऱ्या एका वर्षाच्या मास्टर्ससाठी ११ टक्क्यांनी ३० लाख एकदम उचलले. सवलतीच्या १८ महिन्यांत सरळव्याजच ४ लाख ९५ हजार होतं. ते मुद्दलात मिसळलं की १० वर्षांसाठी हप्ता ४१ हजारांऐवजी ४८ हजारांच्या आसपास जातो.

आता व्हिसा पाहा. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवीधरांना आणि मास्टर्सवाल्यांना ब्रिटनचा ग्रॅज्युएट व्हिसा २ वर्षांऐवजी १८ महिन्यांचा मिळणार आहे. म्हणजे आपल्या उदाहरणातल्या मुलीला काम करण्याची मुभा १८ महिन्यांची आणि हप्ते १२०. पुढे राहायचं तर प्रायोजक कंपनी आणि ठरलेल्या किमान पगाराची नोकरी हवी. ती मिळाली नाही आणि पुण्यात ४० हजारांवर सुरुवात करावी लागली, तर हप्ताच पगारापेक्षा मोठा.

‘तारण नको’ म्हणजे घर गहाण नाही, एवढंच. सहकर्जदार म्हणून सही बाबांचीच असते. हप्ता थकला तर वसुलीचा फोन त्यांना येतो आणि सिबिल स्कोअर त्यांचाही घसरतो.

अर्ध्या मिनिटाच्या जाहिरातीत एवढं कसं सांगणार, असं कुणी म्हणेल. सांगता येतं. आवाज असा असावा: ‘हप्ते ठरल्या तारखेला सुरू होतील. व्याज पहिल्या दिवसापासून लागेल. शिकताना ते दरमहा भरलंत, तर हप्ता वाढणार नाही. सहकर्जदार पालकही पूर्ण रकमेला जबाबदार आहेत. भारतातल्या पगारातून हप्ता झेपेल का, हे पाहूनच सही करा.’

वरच्या उदाहरणात हे दरमहा भरायचं व्याज २७,५०० रुपये आहे. ते भरण्याची घरची ऐपत असेल, तर एकूण सुमारे सव्वातीन लाख वाचतात. ऐपत नसेल, तर रक्कम कमी करावी, स्वस्त शहर निवडावं किंवा शिष्यवृत्तीसाठी वर्षभर थांबावं. कर्जाचा आकडा पौंडांतल्या पगारावर बेतू नये. मुलगी परत आली तरी फेडता येईल एवढंच कर्ज काढावं.