अर्धवट मिटणारी पापणी

श्रावण सरत आला की दिवाळी अंकांचा मजकूर अक्षरजुळणीकारांच्या टेबलावर येऊन पडू लागतो, आणि तेथपासून कोजागिरीपर्यंत नौपाड्यातील गोखले रस्त्याच्या आतल्या गल्ल्यांत, लहान लहान खोल्यांतून दहा-दहा, बारा-बारा तास संगणकासमोर बसणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूंकडून व भगिनींकडून एकच तक्रार दरवर्षी ऐकू येते: दुपारी चारच्या सुमारास डोळे चुरचुरू लागतात, त्यांतून पाणी येते, आणि वेलांटीवर अनुस्वार आहे की रफार आहे हे दोनदा पाहिल्यावाचून उमगत नाही. यावर बहुतेकजण चष्म्याचा नंबर पुन्हा तपासून घेतात किंवा निळा प्रकाश अडविणारी काच बसवितात. डोळे कोरडे पडले असतील ही शंका, डोळ्यांतून पाणी वाहत असल्यामुळेच, कोणाच्या मनाला शिवत नाही. वस्तुतः बुबुळाचा पृष्ठभाग सुकून त्याला टोचणी लागली की अश्रुग्रंथी एकदम पाणी सोडते. ते पाणी गालावर ओघळून जाते आणि पृष्ठभागावर टिकत नाही, म्हणून पुसून होताच चुरचुर पुन्हा सुरू होते.

आमच्या परिचयातील एक भगिनी डोंबिवलीहून रोज नौपाड्यात येऊन हेच काम करतात. वय अडतीस, चष्मा नाही, हात जलद आणि नजर चोख. गेल्या भाद्रपदात त्यांच्या जुळणीत ‘घ’च्या जागी ‘ध’ आणि ‘भ’च्या जागी ‘म’ राहून जाऊ लागले, आणि ते तिसऱ्या प्रहरानंतरच्या पानांतच, असे मुद्रितशोधकाच्या ध्यानात आले. आम्ही त्यांना एवढेच विचारले की अक्षर पुसट झाल्यावर पापणी मिटून उघडली तर ते क्षणभर स्वच्छ दिसते काय? त्यांनी तत्काळ होकार दिला. हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारून पाहावा असा आहे, कारण जो धूसरपणा पापणी मिटताच निवळतो तो सामान्यतः अश्रूंच्या पातळ थराचा असतो, आणि जवळून दूर पाहताना, म्हणजे पडद्यावरून नजर उचलून समोरच्या इमारतीवरील पाटी वाचू लागताना, जो चार-पाच सेकंद रेंगाळतो तो नजर जुळविणाऱ्या आतल्या स्नायूच्या थकव्याचा असतो. दोन्ही तक्रारी एकाच माणसात नांदू शकतात. पण त्यांचे इलाज भिन्न आहेत.

मग त्यांनी मोबाईल पडद्याच्या कडेला टेकवून ठेवला आणि काम चालू असतानाच स्वतःच्या चेहऱ्याचे पाच मिनिटांचे चित्रण केले. ते सावकाश चालवून पाहता पापण्या एकतीस वेळा हलल्या होत्या. परंतु त्यांपैकी सतरा वेळा वरची पापणी निम्म्यावर येऊन परत गेली होती, खालच्या पापणीला टेकली नव्हती. पूर्ण मिटणे चौदाच वेळा, म्हणजे सुमारे एकवीस सेकंदांनी एकदा. निरोगी डोळ्यावर अश्रूंचा थर दहा सेकंद वा त्याहून थोडा अधिक काळ अखंड राहतो असे मानले, तरी त्या भगिनींच्या बुबुळाचा खालचा भाग निम्मा वेळ उघडा पडत होता. शिवाय पापण्यांच्या कडेला ज्या सूक्ष्म तैलग्रंथी असतात त्यांतील स्निग्ध द्रव्य पापण्या एकमेकींना टेकून दाब पडला म्हणजे बाहेर येते, पाण्यावर तवंगासारखे पसरते आणि ते उडून जाऊ देत नाही. अर्धवट मिटणाऱ्या पापणीने हा दाब पडत नाही, म्हणून जे थोडे पाणी असते तेही लवकर सुकते.

त्सुबोता व नाकामोरी या जपानी डॉक्टरांनी १९९३ साली याविषयीची मोजणी प्रसिद्ध केली. कार्यालयात काम करणाऱ्या लोकांच्या पापण्या स्वस्थ बसले असता मिनिटाला सरासरी बावीस वेळा, टेबलावर ठेवलेले पुस्तक वाचताना दहा वेळा, आणि संगणकावरील मजकूर वाचताना सातच वेळा मिटत होत्या. या आकड्यांचा उल्लेख वारंवार होतो. पण त्याच मोजणीतील दुसरी गोष्ट आमच्या व्यवसायाला अधिक उपयोगाची असून तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. उघड्या डोळ्याचा हवेला लागणारा पृष्ठभाग त्यांनी मोजला, तो पुस्तक वाचताना सुमारे १.२ चौरस सेंटिमीटर आणि पडदा पाहताना २.३, म्हणजे जवळजवळ दुप्पट भरला. पुस्तक वाचणाऱ्याची नजर खाली असते, त्यामुळे पापणी बुबुळावर अर्धी ओढली जाते. पडदा पाहणाऱ्याचा डोळा समोर, सताड उघडा राहतो.

ठाण्यातून ‘अरुणोदय’ हे पत्र १८६६ साली निघू लागले, त्या काळापासून शिशाचे खिळे जुळविण्याची वहिवाट या गावाने पाहिली. खिळेजोडाऱ्याच्या पुढ्यातील केस उतरती असे, त्याची नजर घरातल्या खिळ्यावरून हातातील स्टिककडे सारखी खाली-खाली फिरत असे. त्याच्या डोळ्यांना अंधुक दिवा आणि बारीक खिळा यांचा त्रास होताच. परंतु काम नजरेच्या खाली असल्यामुळे आजच्या कोरडेपणाचे हे एक कारण तेथे नव्हते.

म्हणून आमची पहिली तजवीज पडद्याच्या उंचीची आहे. सदर भगिनींचा पडदा मान वाकू नये या सद्धेतूने शब्दकोशाच्या दोन जाड खंडांवर चढविलेला होता आणि त्याची वरची कड डोळ्यांच्याही वर जात होती. खंड काढून घेतल्यावर ती कड डोळ्यांच्या रेषेखाली तीन-चार बोटे आली, आणि पडद्याचा मध्य साठ सेंटिमीटर अंतरावरून पाहताना डोळ्यांच्या सुमारे वीस सेंटिमीटर खाली राहिला; वरची बाजू किंचित मागे कलविली. येथे मर्यादा हीच की नजर खाली जावी, हनुवटी जाऊ नये. चार-दोन दिवसांत मानेच्या मागे दुखू लागले तर पडदा प्रमाणाबाहेर खाली गेला असे समजून तो दोन बोटे वर घ्यावा.

पूर्वी त्या पंचेचाळीस सेंटिमीटरांवर, म्हणजे पडद्याला जवळजवळ नाक लावून बसत. अंतर साठावर नेताच अक्षरे लहान दिसू लागली, आणि हा फेरफार करणारे पुष्कळ लोक दुसऱ्याच दिवशी खुर्ची पुढे ओढतात ते याच कारणाने. अक्षर मोठे केल्यावाचून अंतर टिकत नाही. देवनागरीत एका ओळीच्या उंचीत शिरोरेषा, वरची मात्रा व अनुस्वार आणि खालचा उकार एवढे सारे सामावलेले असल्यामुळे मूळ अक्षराच्या वाट्याला जागा थोडी येते. बारा पॉइंटचा मजकूर पानभर आकारात पडद्यावर पाहणे म्हणजे डोळ्यांवर जुलूमच होय. इनडिझाइनमध्ये जुळणी व दुरुस्ती Ctrl+2 दाबून दोनशे टक्क्यांवर करावी, आणि पानाची मांडणी पाहण्यापुरतेच Ctrl+0 ने पूर्ण पान आणावे. आकार पुरेसा आहे की नाही हे ठरविण्याची एक सोपी कसोटी आहे: नेहमीच्या अंतराच्या तिप्पट मागे उभे राहून तोच मजकूर जेमतेम तरी वाचता येत असेल, तर बसल्या जागी तो दिवसभर सुखाने वाचता येईल.

प्रकाशाच्या बाबतीत छपाईचा कोरा पांढरा कागद पडद्याशेजारी धरावा. कागदाच्या मानाने पडद्यावरील पान दिव्यासारखे झळकत असेल तर पडद्याची प्रखरता उतरवावी, मळकट दिसत असेल तर चढवावी. आणि दुपारचे ऊन जाऊन ट्यूबलाइट लागली की हे पुन्हा पाहावे. पडदा बंद करून त्या काळ्या काचेत खिडकी किंवा दिवा दिसतो काय हेही तपासावे, दिसत असल्यास टेबल वळवून खिडकी कुशीला घ्यावी. आणखी एक गोष्ट. ठाण्याची हवा दमट, तेव्हा डोळे सुकायचे कसे, असे आम्हांस विचारले जाते. परंतु वातानुकूलन यंत्र खोलीतील दमटपणा काढून घेते, आणि त्याचा किंवा भिंतीवरील पंख्याचा झोत थेट तोंडावर येत असेल तर बाहेर मुसळधार पाऊस असतानाही डोळे सुकतात. झोत छताकडे वळविणे एवढाच याचा बंदोबस्त.

पापणीची सवय मात्र एवढ्याने बदलत नाही, आणि ‘पापण्या मिटत जा’ असे सांगूनही बदलत नाही, कारण काम रंगात आले की स्मरण उरत नाही. आम्ही सुचविले की ती क्रिया हाताच्या एखाद्या जुन्या सवयीला बांधावी. अक्षरजुळणीकार दर थोड्या वेळाने Ctrl+S दाबतोच. दर वेळी दाबताना पापण्या हलकेच पूर्ण मिटाव्या, मनात एक-दोन म्हणावे, आणि उघडाव्या, असे तीनदा. आवळून मिटू नये. आतल्या स्नायूच्या विश्रांतीसाठी दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद पाहण्याचा जो प्रसिद्ध नियम आहे, तो पाळावा. पण त्या वीस सेकंदांत पापण्या मिटल्या नाहीत तर कोरडेपणाला त्याचा फारसा उपयोग नाही. निळ्या काचेविषयी आमचे मत स्पष्ट आहे: कॉक्रेन संस्थेने २०२३ साली उपलब्ध चाचण्या एकत्र तपासून, अशा काचांनी पडद्यामुळे येणारा डोळ्यांचा थकवा अल्प मुदतीत साध्या काचांहून कमी होत असल्याचे दिसत नाही, असा निष्कर्ष दिला. तो पैसा वाचवावा.

चाळिशी उलटलेल्या मुद्रितशोधकांचे प्रकरण थोडे निराळे. दूर-जवळचा एकच चष्मा लावणाऱ्यास पडदा काचेच्या खालच्या भागातून पाहावा लागतो, म्हणून तो हनुवटी वर करतो. मान अवघडते, आणि दोष पडद्याच्या माथी मारून तो पडदा आणखी वर चढवितो. अशांनी आपल्या डोळ्यापासून पडद्यापर्यंतचे अंतर टेपने मोजून तो आकडा नेत्रतज्ज्ञास सांगावा आणि केवळ त्या अंतराचा निराळा चष्मा मागावा. नेहमीचा वाचनाचा नंबर सुमारे चाळीस सेंटिमीटरांचा असतो, साठांना तो जास्त होतो.

कृत्रिम अश्रूंचे थेंब वापरण्यास हरकत नाही. दिवसातून चारपेक्षा अधिक वेळा लागत असतील तर संरक्षक द्रव्य नसलेले घ्यावेत, कारण ते द्रव्यच वारंवारच्या वापराने पृष्ठभागाला अपाय करते. लाली घालविणारे थेंब, आणि विशेषतः दुकानातून विचारून आणलेले स्टेरॉइडचे थेंब, वर्ज्य समजावेत. स्टेरॉइडने डोळ्यातील दाब वाढून दृष्टी कायमची जाऊ शकते. सर्दीवरील काही गोळ्यांनीही डोळे सुकतात, हे डॉक्टरांना सांगण्यास विसरू नये. एकाच डोळ्याची लाली, खोल वेदना, उजेड सहन न होणे, अथवा डोळ्यांबरोबर तोंडही कोरडे पडणे व सांधे दुखणे, यांपैकी काही असेल तर पडदा व खुर्ची यांत कालहरण न करता नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

त्या भगिनींनी पाच आठवड्यांनी पुन्हा तसेच चित्रण केले. पापण्या बावन्न वेळा हलल्या, त्यांत अर्धवट अकरा. मुद्रितशोधकाच्या खुणा दुपारनंतरच्या पानांवर आता सकाळच्या पानांइतक्याच असतात. परंतु अंक छापावयास जाण्यापूर्वीच्या शेवटच्या चार रात्रींत चुरचुर परत आली होती. त्या चार दिवसांचे चित्रण त्यांनी केलेले नाही, ते या भाद्रपदात करणार आहेत.