रिकामे गर्भाशय आणि बीजकोशाशेजारची गाठ : येथे वाट पाहू नये

पाळी चुकल्याची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णेस आर्तवजनन औषध देणे आणि अनियमित रक्तस्राव होत असल्यास रक्तस्तंभक देणे, ही आपल्या चिकित्सालयांतील नित्याची बाब आहे. या दोहोंपूर्वी मूत्राची गर्भचाचणी झालीच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते का, हे एका प्रातिनिधिक उदाहरणावरून सांगतो.

सव्वीस वर्षांची विवाहिता. शेवटच्या पाळीपासून सहा आठवडे दोन दिवस झालेले. चार दिवस थोडे तपकिरी डाग आणि ओटीपोटात डावीकडे मंद वेदना. घरच्यांच्या मते 'पाळीच लांबली आहे'. नाडी ८४, रक्तदाब ११०/७०, चेहरा प्रसन्न. चाचणी केली असता गर्भधारणा निश्चित झाली. योनिमार्गे केलेल्या सोनोग्राफीचा अहवाल असा : गर्भाशय रिकामे, अंतःस्तर ११ मिलिमीटर, डाव्या बीजकोशाला लागून परंतु त्याहून वेगळी अशी २.६ सेंटिमीटरची कडीसारखी गाठ, गर्भाशयामागे थोडा दाट द्रव. रक्तातील बीटा एचसीजी २९००.

या अहवालाचे वाचन क्रमाने करावे. केवळ गर्भाशय रिकामे असते, तर गर्भ अगदी लहान असण्याची किंवा पूर्ण गर्भपात झाल्याचीही शक्यता उरली असती. अशा वेळी रुग्णा स्थिर असल्यास ४८ तासांनी एचसीजी पुन्हा तपासतात. परंतु सहा आठवड्यांनंतर आणि एचसीजी या पातळीवर असताना गर्भपिशवी साधारणतः गर्भाशयात दिसावयास हवी. त्यात बीजकोशाहून वेगळी गाठ आढळली, की अस्थानिक गर्भधारणा हेच निदान प्रबळ ठरते. 'वेगळी' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. बीजकोशाच्या आतील कडी ही बहुधा पीतपिंडाची असते आणि ती प्रत्येक गर्भारपणात असू शकते. म्हणून तज्ज्ञ सोनोग्राफीच्या शलाकेने हळुवार दाब देऊन गाठ बीजकोशासोबत सरकते की स्वतंत्रपणे, हे पाहतात. दाट द्रव म्हणजे बहुधा रक्त.

अशा गर्भांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक बीजवाहिनीत रुजतात. तिची भिंत पातळ असते. गर्भाशयाप्रमाणे ताणून वाढण्याचे सामर्थ्य तिच्यात नाही. गर्भाची मुळे या भिंतीत आणि तेथील रक्तवाहिन्यांत शिरतात आणि एके दिवशी बीजवाहिनी फाटते. रक्त मात्र पोटात साठते. योनिमार्गे चार थेंब दिसत असताना आत लिटरभर रक्त गेलेले असू शकते. तरुण शरीर नाडीची गती वाढवून रक्तदाब बराच वेळ टिकवून धरते आणि मग तो अकस्मात कोसळतो. म्हणून 'रक्तदाब उत्तम आहे' हे आश्वासन येथे फसवे ठरते. खांद्याच्या टोकाशी वेदना, भोवळ, शौचाची खोटी भावना ही आतील रक्तस्रावाची लक्षणे होत.

सदर रुग्णेचे नातेवाईक आठ दिवसांनी पुन्हा तपासू म्हणत होते. वैद्यांनी ते मानले नाही. शस्त्रक्रियेची आणि रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयात तिला त्याच दिवशी धाडले, सोबत अहवाल आणि चिठ्ठी दिली. दुर्बिणीतून पाहता बीजवाहिनीच्या टोकातून रक्त ठिबकत होते व पोटात सुमारे ४०० मिलिलिटर रक्त साठले होते. ती बीजवाहिनी काढावी लागली, रुग्णा वाचली.

द्रव नसता, वेदना नसती, गाठ लहान, गर्भाचे स्पंदन नाही आणि एचसीजी कमी असे असते, तर मेथोट्रेक्सेटच्या इंजेक्शनचा पर्याय तज्ज्ञांकडे असतो. तेथेही चौथ्या व सातव्या दिवशी एचसीजी मोजून ते किमान पंधरा टक्के उतरले की नाही हे पाहतात आणि पुढे ते शून्यवत होईपर्यंत तपासत राहतात. या काळात फॉलिक आम्लयुक्त टॉनिक दिल्यास औषधाचा परिणाम घटतो. औषधविक्रेत्यांनी हे ध्यानी ठेवावे.

औषधविक्रेत्यांना आणखी एक विनंती. गर्भपाताच्या गोळ्या अधिकृत चिठ्ठीविना देऊ नयेत. त्या गोळ्यांनी बीजवाहिनीतील गर्भ जात नाही. गर्भाशयाचा अंतःस्तर मात्र सुटून रक्तस्राव होतो, रुग्णेस 'साफ झाले' असे वाटते आणि गर्भ बीजवाहिनीत वाढतच राहतो. गोळ्यांनंतर पोटदुखी सांगत आलेल्या स्त्रीला वेदनाशामक देऊन परत पाठवणे म्हणजे मौल्यवान तास गमावणे होय.

बीजवाहिनीत रुजलेल्या गर्भाला गर्भाशयात आणणारे औषध कोणत्याही शास्त्रात नाही. हे मान्य करण्यात आपल्या शास्त्राचा उणेपणा नाही. असा अहवाल हाती येताच आपली चिकित्सा एकच : रुग्णेस काही खाऊपिऊ न देता, एकटीला न सोडता, त्याच दिवशी पुढे पाठवणे.