एकतीस मेचा निरोप

महाराष्ट्रात दरवर्षी ३१ मेला शिक्षकांची एक मोठी तुकडी एकदम निवृत्त होते. कारण साधे आहे. शाळेत नाव घालताना आईवडिलांना मुलाची जन्मतारीख सांगता आली नाही की गुरुजी दाखल-खारीज रजिस्टरात १ जून लिहून टाकत. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेल्याची नोकरी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी संपते. म्हणजे अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी बसण्याचा मुहूर्त कधीच्या काळी पहिलीच्या गुरुजींनी काढून ठेवलेला असतो! गंमत अशी, की त्या दिवशी शाळेला उन्हाळ्याची सुट्टी असते.

त्यामुळे डहाणू तालुक्यातल्या चिखले किंवा आसपासच्या गावांत निरोप समारंभ मे अखेरीस ठेवला, तर समोर कोण बसणार? केंद्रप्रमुख, सरपंच, सहकारी, फार तर गावात असलेले माजी विद्यार्थी. ज्या मुलांचे आभार मानायचे ती मामाच्या गावाला. मग भाषणही समोरच्या खुर्च्या बघूनच होते. शाल-श्रीफळ, ‘मी तुमचा ऋणी आहे’, आणि साहेबांची नावे हुद्द्यांच्या क्रमाने.

या पट्ट्यातल्या शिक्षकाला आभाराची याहून खरी यादी करता येते. घरी वारली बोलणारे मूल पहिलीत पुस्तकातल्या मराठीपुढे गप्प बसते. तेव्हा चौथीतली त्याची बहीण वर्गाच्या दारात उभी राहून गुरुजींचे बोलणे त्याला त्याच्या बोलीत सांगते. दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर निघाले, की शिक्षक पोर आजीकडे ठेवायला विनवतो. ते पोर कुठल्या पाड्यावर आहे, हे पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना हजेरीपटाआधी कळलेले असते. या दोघींची नावे भाषणात आली पाहिजेत. सहकाऱ्यांचे आभारही असेच नेमके हवेत: प्रशिक्षणाच्या दिवशी दोन वर्ग एकत्र बसवून कोणी सांभाळले, निवडणुकीच्या कामाला आपल्या जागी कोण गेले.

आभारांसोबत मुलांकडून काय शिकलो तेही यावे. मुलांकडून शिकण्याची परंपरा या भागाला नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणावर नेली. मुलांच्या गैरहजेरीने त्यांना कुरणशाळा सुचवली, असे म्हणायला हरकत नाही. निवृत्त होणाऱ्याने आपल्याला असे काय सुचले ते सांगावे. एखादा प्रसंग पुरे. नोकरीतल्या सगळ्या शाळांची यादी सेवापुस्तकात असतेच.

तारीख सरकारी आहे, ती हलणार नाही. समारंभ मात्र हलवता येतो. १ मेला ध्वजवंदनाला मुले येतात, बऱ्याच शाळांत निकालही त्याच दिवशी असतो, पालकही फिरकतात. त्याच मांडवात गुरुजींना दहा मिनिटे द्यावीत, आणि पुढच्या खुर्च्यांवर मुलांना बसवावे. साहेबांना मागूनही ऐकू येते.